एका फोटोवरून भांग वाचता येत नाही

केस विरळ होण्याबद्दल असा एक संदेश फिरतो, त्यातला एकेक भाग तपासून बघू: "भांगाचा फोटो काढा आणि झूम करा. टाळू दिसली तर टक्कल सुरू झालंय, लगेच डॉक्टर गाठा. नुसते केस गळत असतील तर काळजी नको, सहा महिने तेल लावून मसाज करा, आपोआप येतील. भांगात खाज किंवा आग होत असेल तर तो कोंडा. आणि रक्ततपासणीवर पैसे घालवण्याआधी बायोटिनच्या गोळ्या सुरू करा."

झूम करून टाळू बघण्याबद्दल

भांग पाडला की टाळू दिसणारच, भांग म्हणजे तीच रेघ. ती किती रुंद दिसते हे बरंचसं फोटो कसा काढला त्यावर ठरतं. ओले किंवा तेल लावलेले केस बटाबटांनी चिकटतात आणि मधल्या फटींतून त्वचा दिसते. डोक्यावरच्या दिव्याचा किंवा फ्लॅशचा उजेड थेट टाळूवर पडतो आणि ती चकाकते. केस रंगवणाऱ्यांची तर हमखास फसगत होते: रंग लावून महिना झाला की मुळाशी साधारण एक सेंटीमीटर पांढरा केस उगवलेला असतो, तो फोटोत त्वचेत मिसळून जातो आणि भांग एकदम दुप्पट रुंद वाटतो. केस मात्र होते तेवढेच असतात.

उपयोगी फोटो काढायचा तर आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका. नाकाच्या रेषेत मधोमध सरळ भांग पाडा. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मागच्या कॅमेऱ्याने दुसऱ्या कुणाला तरी अगदी वरून फोटो काढायला सांगा. सेल्फीच्या कॅमेऱ्याची सौंदर्य-फिल्टरं बारीक केस पुसून टाकतात. मग तेवढ्याच अंतरावरून दुसरा फोटो काढा, डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर तसाच भांग पाडून. सगळ्यात जास्त माहिती या दुसऱ्या फोटोतून मिळते, आणि नेमका तोच कुणी काढत नाही.

मागचा भाग ही तुमची स्वतःची मोजपट्टी आहे. बायकांमध्ये आनुवंशिक विरळपणा माथ्यावर होतो आणि मागचे केस बहुधा टिकून राहतात. म्हणून पुढचा भांग मागच्यापेक्षा उघड रुंद असेल, कपाळाजवळ जास्त पसरून शेंडीकडे निमुळता होत गेला असेल आणि कपाळावरची केसांची कड जागेवर असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. दोन्ही भांग सारखेच बारीक असतील तर तुमचे केस मुळातच तसे असू शकतात. दोन्हीकडे पूर्वीपेक्षा विरळ झाले असतील तर गळतीचं कारण शोधायला हवं.

गळतीला सहा महिने तेल

इथे अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त फसवतं. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा कडक डाएट झालं की साधारण दोन ते तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात. गळलेल्या केसाच्या मुळाशी छोटी पांढरी गाठ दिसते आणि लोक घाबरतात की केस मुळासकट गेला. ती फक्त विश्रांती घेणाऱ्या केसाची टोकाची गाठ. मूळ त्वचेतच असतं. ही गळती बहुतेकदा सहा महिन्यांच्या आत थांबते, तेल लावा किंवा लावू नका.

उदाहरण घ्या. जूनच्या सुरुवातीला एका बाईंना आठवडाभर जोराचा ताप आला. ऑगस्टच्या अखेरीस केस धुताना गळती वाढली, सप्टेंबरच्या फोटोत भांग रुंद दिसू लागला. मागचा भांगही तेवढाच विरळ, त्वचा स्वच्छ, तापाशी तारीख जुळते. इथे केस सैल बांधायचे, ओले असताना ओढून विंचरायचे नाहीत, जेवणात कपात करायची नाही आणि तीन महिन्यांनी तोच फोटो पुन्हा काढायचा. केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे डिसेंबरात भांगाच्या कडेला दोन-तीन सेंटीमीटरचे उभे राहणारे केस दिसायला हवेत.

हे आखूड केस जवळून नीट बघा, निकाल तिथेच असतो. गडद कागद मागे धरा (केस काळे असतील तर पांढरा). टोक निमुळतं आणि बुंधा शेजारच्या लांब केसाइतकाच जाड असेल, तर तो नवा केस आहे. टोक बोथट किंवा फाटलेलं असेल तर केस तुटतोय: घट्ट बांधणं, रंग, उष्णता. पण बुंध्यापासूनच तो कोळ्याच्या धाग्यासारखा बारीक असेल आणि तसे बरेच असतील, तर केसाचं मूळच आक्रसत चाललंय.

या शेवटच्या प्रकारात गळती फारशी जाणवतही नाही. केस गळून परत येतो, पण प्रत्येक फेरीत आधीपेक्षा बारीक येतो. इथे तेल लावून सहा महिने थांबणं महागात पडतं, कारण औषध आहेत ते केस टिकवण्यात जास्त यशस्वी ठरतं, गेलेले परत आणण्यात कमी. मिनॉक्सिडिल या विरळपणावरच्या औषधाचा परिणाम दिसायलाच चार ते सहा महिने लागतात आणि सुरुवातीच्या आठवड्यांत गळती थोडी वाढू शकते. ते माहीत नसल्यानं बरेच जण नेमके तेव्हाच औषध सोडतात. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ते वापरायचं नाही. पाळी अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर केस वाढत असतील तर डॉक्टरांना तेही सांगा.

खाज, आग आणि कोंडा

पूर्ण संदेशातला हा सगळ्यात घातक भाग. साधा कोंडा सुटा पडतो, कोंड्याच्या शाम्पूने काही आठवड्यांत आटोक्यात येतो आणि त्यानं भांग उघडा पडत नाही. विरळ जागीच आग, दुखरेपणा, केसांच्या बुंध्याभोवती लाल कडं किंवा चिकट पापुद्रा असेल, तर आतून दाह होऊन मूळ जळत असण्याची शक्यता असते. तिथे नंतर व्रण राहतो. झूम केलेल्या फोटोत त्वचा गुळगुळीत, चकचकीत दिसते, केस उगवण्याची बारीक छिद्रंच नाहीशी झालेली असतात. त्या जागी केस परत येत नाहीत. अशा वेळी तीन महिन्यांनी दुसरा फोटो काढायची वाट बघू नका, लवकरात लवकर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. भांगाबरोबर भुवया विरळ होत असतील, कपाळाची कड मागे सरकत असेल किंवा नाण्याएवढा गोल चट्टा पडला असेल, तरीही तसंच.

आधी बायोटिन, मग तपासणी

क्रम नेमका उलटा आहे. बायोटिन हे एक जीवनसत्त्व, प्रौढांना ते दिवसाला सुमारे 30 मायक्रोग्रॅम पुरतं आणि त्याची कमतरता विरळाच. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत मात्र अनेकदा 5,000 ते 10,000 मायक्रोग्रॅम असतं. एवढ्या डोसमुळे थायरॉइडच्या काही चाचण्यांचे आकडे चुकतात, थायरॉइड नॉर्मल असताना वाढलेला वाटू शकतो. केसगळतीत थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन याच तपासण्या बहुधा आधी सांगतात. म्हणजे कारण शोधायची वाट आपणच गढूळ करून ठेवतो. गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, मोठा डोस असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारा आणि लॅबमध्येही सांगा. डॉक्टरांकडे जाताना दोन्ही भांगांचे फोटो तारखांसह न्या, आणि गेल्या सहा महिन्यांतले ताप, औषधं, वजनातले बदल एका कागदावर लिहून न्या.