पीसीआर निगेटिव्ह आणि कॅरियोटाइप पॉझिटिव्ह : जळगावच्या वाचकाला उत्तर

प्रतिक्रिया : "तुम्ही लिहिता पीसीआर लाखात एक पेशी पकडतं. मग माझ्या मामांचा पीसीआर निगेटिव्ह आणि कॅरियोटाइप पॉझिटिव्ह कसा? रिपोर्ट खाली टाकतोय. एका सीएमएलसाठी तीन-तीन तपासण्या म्हणजे खान्देशातल्या माणसाला लुटणंच."

भाऊ, रिपोर्ट टाकलेत ते बरं केलंत, उत्तर त्यांतच आहे. सीएमएल म्हणजे रक्ताचा एक कर्करोग, त्यात बीसीआर आणि एबीएल1 ही दोन जनुकं एकमेकांना सांधली जातात.

कॅरियोटाइप म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली केलेली गुणसूत्रांची पाहणी. त्यावर t(9;22)(q34;q11.2)[20] आहे. म्हणजे तपासलेल्या वीसही पेशींत नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली आहे. त्यातून आखूड झालेल्या बाविसाव्या गुणसूत्राला फिलाडेल्फिया म्हणतात. मामांना फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह आजार आहे, यात शंका नको. पण सूक्ष्मदर्शकाखाली फक्त मोठे तुकडे हललेले दिसतात. बीसीआर आणि एबीएल1 ही जनुकं नेमकी कुठे सांधली गेली, ते दिसत नाही.

आता पीसीआरचा रिपोर्ट. पीसीआर ठरावीक सांध्याच्याच प्रती वाढवून मोजतो. नावाखाली बारीक अक्षरात p210 आहे बघा, म्हणजे सांध्याचा नेहमीचा प्रकार. प्रायमर म्हणजे ठरलेल्या जागीच चिकटणारा छोटा तुकडा, आणि एक्झॉन म्हणजे जनुकाचा एक भाग. या तपासणीचा एक प्रायमर बीसीआरच्या तेराव्या एक्झॉनवर बसतो, दुसरा बहुतेक किटांत एबीएल1च्या दुसऱ्या एक्झॉनवर. बहुतांश रुग्णांत तेरावा किंवा चौदावा एक्झॉन या दुसऱ्याला जोडलेला असतो, आणि लाखात एक हा आकडा त्याच सांध्यांपुरता आहे.

मला आधी वाटलं, जळगावहून मुंबईला जाईपर्यंत उन्हात आरएनए खराब झाला असेल. मग कंट्रोलचा आकडा पाहिला : एबीएल1च्या ६२,००० प्रती. १०,०००च्या वर असला की नमुना चालतो. म्हणजे नमुना ठीक होता, सांधाच वेगळा असणार. बीसीआर पहिल्या किंवा एकोणिसाव्या एक्झॉनवर तुटलं असेल, नाहीतर एबीएल1चा दुसरा एक्झॉनच गळून चौदावा थेट तिसऱ्याला जोडला गेला असेल. तो एक्झॉन १७४ अक्षरांचा. तो नसला की प्रायमरला बसायला जागाच उरत नाही.

तिसरी तपासणी म्हणजे आरएनए सिक्वेन्सिंग. त्याला प्रायमरचा असा अंदाज बांधावा लागत नाही. पेशीतले संदेश वाचताना एखादा तुकडा बीसीआरमध्ये सुरू होऊन एबीएल1मध्ये संपला, की सांधा कुठे आहे ते कळतं. पण उपचारानंतर उरलेल्या तुरळक पेशी ते पीसीआरइतक्या पकडत नाही, म्हणून दर तीन महिन्यांच्या पाठपुराव्यासाठी ते कामाचं नाही.

खरा धोका पुढे आहे. सांधा न शोधता हाच p210 पीसीआर चालू ठेवला, तर तो दर वेळी 'निगेटिव्ह' येईल आणि कुणीतरी म्हणेल, वा, गोळी लागू पडली! म्हणून मी तीन तपासण्यांना लूट म्हणणार नाही. दर तीन महिन्यांनी तिन्ही सांगितल्या, तर मात्र जरूर भांडा.

लॅबला विचारा : निदानाच्या वेळचा आरएनए किंवा त्यापासून बनवलेला सीडीएनए शिल्लक आहे का? असेल तर आधी एबीएल1च्या तिसऱ्या एक्झॉनवरचा प्रायमर असलेला, अनेक सांधे एकदम शोधणारा मल्टिप्लेक्स पीसीआर करून मागा. तो स्वस्त पडतो. त्यातही काही नाही आलं, तरच सिक्वेन्सिंग. गोळी तोवर बंद करू नका.