ट्रस्टचा बाँड बुडाला तर खड्डा कोणी भरायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

"मॅडम, लेख वाचला पण पटला नाही. तुम्ही ट्रस्टवाल्यांना उगाच धीर देताय. आमच्या कंपनीच्या पीएफ ट्रस्टचे पैसे एका बुडालेल्या बाँडमध्ये अडकले, एचआरला विचारलं तर 'काळजी करू नका' एवढंच उत्तर. सरकारी पीएफ असता तर सरकारने बघून घेतलं असतं. इथे भुर्दंड शेवटी आमच्याच माथी येणार ना? हे तुम्ही कुठेच लिहिलं नाही."

तुमचा राग समजतो, आणि 'काळजी करू नका' हे काही उत्तर नव्हे हेही खरं. पण भुर्दंड कोणाच्या माथी येतो याचं उत्तर दोन्हीकडे वेगवेगळं आहे, आणि मला वाटतं तुम्ही ते नेमकं उलटं धरलंय.

आधी तुमच्या ट्रस्टचं बघू. १९५२ च्या ईपीएफ कायद्याच्या कलम १७ खाली सूट मिळाली म्हणजे सरकार कंपनीला एवढंच सांगतं की पीएफचे पैसे आमच्याकडे नका भरू, स्वतःचा ट्रस्ट करून तुम्हीच सांभाळा, पण आमच्या अटींवर. त्या अटींची यादी ईपीएफ स्कीमच्या परिशिष्टात आहे आणि त्यातल्या दोन तुमच्या कामाच्या. एक म्हणजे ट्रस्टने सभासदांना सरकारने जाहीर केलेल्या दरापेक्षा कमी व्याज द्यायचं नाही आणि कमी पडलं तर फरक कंपनीने खिशातून भरायचा. दुसरी म्हणजे चोरी, अफरातफर किंवा 'इतर कुठल्याही कारणाने' फंडाचं नुकसान झालं तर तेही कंपनीनेच भरून द्यायचं. बाँड बुडणं हे त्या 'इतर कुठल्याही कारणा'तच येतं. म्हणजे तुमच्या स्लिपवर जी रक्कम लिहिलीय ती ट्रस्टकडच्या बाँडची आजची किंमत नाहीये, ती कंपनीने तुम्हाला देणं लागणारी रक्कम आहे, आणि बाँड वर गेला किंवा खाली आला तरी ती बदलत नाही.

आकडे घालून बघा, म्हणजे स्पष्ट होईल. समजा ट्रस्टमध्ये सगळ्या सभासदांचे मिळून १०० कोटी जमा आहेत. त्यातले ८ कोटी एका कंपनीच्या बाँडमध्ये होते, त्या कंपनीने हप्ता चुकवला. उरलेल्या ९२ कोटींवर सरासरी ८.४ टक्के मिळाले तर उत्पन्न झालं साधारण ७ कोटी ७३ लाख. पण त्या वर्षी सरकारचा दर ८.२५ टक्के असेल तर सभासदांच्या खात्यात ८ कोटी २५ लाख टाकावेच लागतात, म्हणजे व्याजातच ५२ लाख कमी पडले. वर मुद्दल. ८ कोटींपैकी पुढेमागे २ कोटी वसूल झाले असं धरलं तरी ६ कोटींचा खड्डा राहतो. हे दोन्ही मिळून साधारण साडेसहा कोटी कंपनीने भरायचे. तुमच्या खात्यात २० लाख असतील तर तुम्हाला १ लाख ६५ हजार व्याज मिळालंच पाहिजे, एक रुपया कमी नाही, आणि मुद्दलाला तर हातच लागत नाही.

आता 'सरकारने बघून घेतलं असतं' या वाक्याकडे येते. सरकारी फंडात तोटा झाला तर तो भरायला मागे कंपनीसारखा दुसरा कोणी उभा नसतो. तिथे व्याजदर ठरवताना स्कीमच्या परिच्छेद ६० नुसार सरकारने बघायचं असतं की व्याज वाटल्यावर व्याजखात्यातून जमेपेक्षा जास्त उचल होत नाहीये, म्हणजे जेवढं कमावलं त्यातूनच द्यायचं. तोटा झाला की उत्पन्न घटलं, उत्पन्न घटलं की दर घटतो, आणि तो घटलेला दर कोट्यवधी सभासदांच्या खात्यात थोडा थोडा वाटला जातो. कोणाच्या लक्षातही येत नाही कारण फंड लाखो कोटींचा आहे. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था कोसळली तेव्हा ईपीएफओचेही, म्हणजे सरकारी पीएफ सांभाळणाऱ्या संस्थेचेही पैसे त्यात होते, पण एवढ्या मोठ्या फंडात ते मुरून गेले. त्यामुळे सरकारी फंड सुरक्षित आहे हे मी मान्यच करते, पण ती सुरक्षितता आकाराची आहे, आणि जोखीम तिथे सभासद मिळूनच उचलतात. दर २०१५-१६ ला ८.८० होता तो २०२१-२२ ला ८.१० झाला, त्याचं कारण एखादा बाँड होता असं मी म्हणत नाही, पण दर खाली आला की फरक भरून द्या असं म्हणायला तिथे कोणी नसतं एवढं नक्की.

मग ट्रस्टवाले सुखी का? इथे मात्र तुमच्या काळजीत दम आहे, आणि मला खरं लिहायचंय ते यावरच. ट्रस्टमधली जोखीम बाँडची नसते, ती कंपनीची असते. कंपनी दणकट असेल तर साडेसहा कोटी ती एका तिमाहीत भरून मोकळी होते. कंपनी स्वतःच डबघाईला असेल तर तीच अट कागदावर राहते. आणि दोन्ही गोष्टी एकदम घडण्याची शक्यता जास्त असते, कारण मंदी आली की धंदाही बसतो आणि त्याच काळात बाँडही बुडतात. म्हणूनच अटींमध्ये असंही आहे की सलग ३ वर्षं तोटा दाखवणाऱ्या कंपनीची सूट काढून घ्यायची आणि फंड ईपीएफओकडे न्यायचा. ही अट वेळेवर वापरली गेली तर सभासद वाचतात. उशीर झाला तर भरणारा हात रिकामा झाल्यावर खड्डा मोजायची वेळ येते.

दिवाळखोरीत काय होतं ते पण सांगते, कारण बरेच जण मेसेजमध्ये हेच विचारतात. दिवाळखोरी संहितेच्या कलम ३६ मध्ये स्पष्ट आहे की कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायची वेळ आली, तर पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडातून कामगारांना मिळायच्या रकमा बँकांच्या वाट्याला जात नाहीत. म्हणजे ट्रस्टमध्ये जे आहे ते तुमचं. पण जे ट्रस्टमध्ये नाहीच, जे कंपनीने भरायचं बाकी आहे, ते शेवटी वसूल करायचं देणंच असतं. जेट एअरवेजच्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने ऑक्टोबर २०२२ मध्ये एनसीएलएटीने, म्हणजे कंपनी खटल्यांच्या अपील न्यायाधिकरणाने, निकाल दिला की थकलेला पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्या, जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम ठेवला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच कोर्टाला कंपनी लिक्विडेशनमध्ये काढा असं सांगावं लागलं कारण नवीन मालकांनी ठरलेले पैसेच आणले नाहीत. हक्क पक्का होता, तरी रोख हातात पडणं वेगळं.

ट्रस्ट अशा बाँडमध्ये जातातच कशाला, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण त्याचा संबंध आहे. नवीन पैसे गुंतवताना सरकारी रोख्यांवर साडेसहा-सात टक्के मिळतात आणि सभासदांना द्यायचे असतात ८.२५. जुने जास्त दराचे रोखे आहेत तोवर सरासरी सांभाळली जाते, ते मुदत संपून गेले की फरक दिसायला लागतो. मग विश्वस्त मंडळात कोणीतरी म्हणतं की एएए रेटिंगचाच घेऊ पण थोडा जास्त दर देणारा घेऊ. आयएल अँड एफएसचं एएए, म्हणजे सगळ्यात वरचं रेटिंग २०१८ मध्ये काही आठवड्यांत घसरून सप्टेंबरमध्ये डी, म्हणजे पैसे चुकवणाऱ्याचं झालं, मधे सावरायला वेळच मिळाला नाही. नियम मोडून नाही, नियमातच बसून बऱ्याच ट्रस्टचे पैसे असे अडकले. हा फरक भरत बसण्यापेक्षा सूट परत करून टाकू असं म्हणणाऱ्या कंपन्या म्हणूनच वाढल्यात.

आता तुम्ही काय करू शकता ते, कारण एचआरच्या धीरावर बसायचं कारण नाही. पहिलं, तुमचा ट्रस्ट खरंच कलम १७ चा आहे का ते ईपीएफओच्या साइटवर कंपनीचं नाव शोधून बघा, तिथे एक्झम्प्शन स्टेटस लिहिलेलं असतं. फक्त इन्कम टॅक्सची मान्यता असलेला ट्रस्ट असेल तर वर लिहिलेली कंपनीने भरायची अट तशीच लागू होईल असं धरू नका. दुसरं, कंपनीच्या वार्षिक अहवालात शेवटच्या टिपांमध्ये कर्मचारी लाभांची टीप असते. दराची हमी कंपनीने घेतलेली असल्यामुळे अशा ट्रस्टचा हिशेब तिथे ॲक्चुअरीकडून, म्हणजे पुढच्या देण्यांचं गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाकडून, मांडून घ्यावा लागतो, आणि दोन ओळी शेजारी शेजारी येतात, सभासदांचं देणं आणि ट्रस्टच्या मालमत्तेची आजची किंमत. दुसरी ओळ कमी असेल तर तो फरक हाच तुमचा खड्डा, आणि कंपनीने त्याची तरतूद केलीय का ते त्याच टिपेत असतं. शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचाही ताळेबंद मिळवता येतो.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, ट्रस्टचा ऑडिट झालेला ताळेबंद मागा. मंडळात कंपनीचे जेवढे तेवढेच कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी असतात, त्यांच्याकडे तो असायलाच पाहिजे. त्यात बुडालेला बाँड अजून पूर्ण किमतीला दाखवलाय का बघा, आणि 'येणे व्याज' ही रक्कम दोन-तीन वर्षं नुसती फुगत चाललीय का बघा. तसं असेल तर खड्डा भरलेला नाही, नुसता कागदाने झाकलाय. मी असे हिशेब बघते तेव्हा पहिल्यांदा नजर तिथेच जाते, कारण न मिळालेलं व्याज उत्पन्न म्हणून दाखवलं की त्या वर्षी सरकारी दर दिल्यासारखं दिसतं, पण प्रत्यक्षात एका सभासदाचं व्याज दुसऱ्याच्या मुद्दलातून जात असतं. जे नोकरी सोडून पूर्ण रक्कम घेऊन जातात किंवा नव्या कंपनीत ट्रान्सफर करतात त्यांना काही जाणवत नाही. खड्डा उरतो मागे राहिलेल्यांसाठी. हा अन्याय मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो कुठल्याच स्लिपवर दिसत नाही.

पेन्शनचे १,२५० रुपये (१५,००० च्या मर्यादेवर ८.३३ टक्के) ट्रस्ट असला तरी ईपीएफओकडेच जातात, त्या भागाला बाँडची झळ लागत नाही.

ताळेबंदात बाँड पूर्ण किमतीला दिसला तर कर्मचारी प्रतिनिधींना लेखी विचारा, बुडालेली रक्कम कंपनीने कुठल्या तारखेला ट्रस्टच्या बँक खात्यात भरली. तारीख मिळाली तर विषय संपला. नाही मिळाली तर तेच पत्र जोडून विभागीय पीएफ आयुक्तांकडे तक्रार टाका, अटी पाळल्या जातायत का हे तपासणं आणि नसतील तर सूट रद्द करायला लावणं हे त्यांचंच काम आहे. आणि कंपनी सलग तोट्यात असेल तर बाँडचा निकाल लागायची वाट बघू नका, तक्रारीत तेही लिहा.