टिकटिक म्हणजे टॅपेटच, असं नसतं

"इंजिन टिकटिक करतंय आणि रेस दिली की टिकटिक वाढतेय, म्हणजे टॅपेट सैल झालेत. आवाज जाईपर्यंत टाइट करून घ्या. तोवर जाड ऑइल घातलं तरी चालतंय."

रेसबरोबर आवाज वाढतो, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. फोरस्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो आणि त्याच दोन फेऱ्यांत सिलिंडर एकदाच धूर बाहेर टाकतो. त्यामुळे सैल टॅपेट आणि सायलेन्सरच्या जोडातली गळती एकाच गतीनं वाजतात. ऑइल कमी पडलं की हेडमधले रॉकर कोरडे पडून त्याच चालीत वाजतात.

जाड ऑइलचा सल्ला तर घातकच. आधी गाडी बंद करा, सपाट जागी मेन स्टँडवर लावा, दोन-तीन मिनिटांनी डिपस्टिक पुसून बघा. बऱ्याच मोटरसायकलींत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर कंपनीनं सांगितलेलंच ऑइल भरा आणि मगच स्टार्ट करा. लेव्हल बरोबर असूनही कारचा ऑइलचा लाल दिवा पेटत असेल, तर ती गाडी टोचन करूनच न्या.

ऑइल ठीक असेल तर सायलेन्सर बघा. खानापुरातल्या एका पोराच्या शंभर सीसी गाडीचं असंच झालं. सकाळी स्टार्ट केली की खणखणीत टिकटिक, गरम झाली की कमी, आणि चोर्ल्याच्या चढाला डबलसीट घेतली की परत जोरात. गॅरेजवाल्यानं टॅपेट आवळले. टिकटिक राहिलीच, वर किक हलकी लागायला लागली आणि गाडी सकाळी उठेना. हेडला सायलेन्सर जिथं बसतो तिथं बोट फिरवलं तर काळी काजळी. थंड इंजिन चालू करून जोडावर साबणाचं पाणी सोडलं, बुडबुडे फुटले. आतली गॅस्केटची रिंग चेपलेली होती. नवी घालून दोन्ही नट आलटून पालटून सारखे आवळले, आवाज गेला. गरम झाल्यावर धातू फुगून फट मिटते, म्हणून आवाज कमी व्हायचा. चढाला धुराचा दाब वाढतो, म्हणून परत यायचा. टॅपेटची टिकटिक अशी लोडवर फारशी बदलत नाही. ती हेडच्या झाकणाखालून, बारीक आणि एकसारखी येते.

"आवाज जाईपर्यंत टाइट" यानं त्या गाडीचं कॉम्प्रेशनच गेलं होतं. टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली फट उरली नाही की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटवर टेकूनच सोडतो; तो टेकला नाही तर जळतो. मग हेड उघडावं लागतं. म्हणून टॅपेट रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर, फ्लायव्हीलची टी खूण जुळवून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, मॅन्युअलमधल्या मापाच्या फिलर गेजनं सेट करायचे. त्या फटीत गेजची पट्टी हलकी अडकत सरकली पाहिजे, आणि लॉकनट आवळल्यावर परत एकदा घालून बघायची, कारण आवळताना स्क्रू फिरतो.