वसुलीचा महिना आणि चौथा शनिवार

आमच्या भोसरीच्या कारखान्यात दोन प्रकारचे पैसे असतात. एक शेठच्या डोक्यातले, दुसरे बँकेतले. या दोघांची भेट घडवून आणण्याचं काम दर महिन्याला माझ्याकडे असतं, आणि त्याला कॅश बजेट म्हणतात.

दिवाळीच्या महिन्याचं बजेट मांडायला बसलो की शेठ खुर्ची ओढून शेजारी बसतात. ‘ऑक्टोबरची विक्री ३० लाख धरा,’ ते म्हणाले. मी धरली, पण वेगळ्या कागदावर. ऑक्टोबरचं बिल ऑक्टोबरमध्ये देणारी पार्टी आमच्या खतावणीत अजून जन्मलेली नाही.

बिलावर ‘४५ दिवस’ छापलेलं असतं. ते वाचून बजेट करणाऱ्याने लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त पाहून जेवायला निघावं. खरी तारीख खतावणीतच सापडते. मागच्या वर्षभराच्या जमा पाहिल्या तर दर महिन्याच्या विक्रीतले ३० टक्के पुढच्या महिन्यात येतात, ६० टक्के त्याच्या पुढच्या, आणि उरलेले १० टक्के ‘क्वालिटीवाल्यांनी होल्ड केलंय’ म्हणत तिसऱ्या. म्हणून ऑक्टोबरची वसुली अशी: सप्टेंबरच्या २४ लाखांतले ७.२, ऑगस्टच्या २० लाखांतले १२ आणि जुलैच्या १८ लाखांतले १.८. एकूण २१ लाख.

‘विक्री ३० आणि वसुली २१?’ शेठनी माझ्याकडे असं पाहिलं, की मधले ९ लाख मी डब्यातून घरी नेतो.

मग देणी. पत्र्याच्या व्यापाऱ्याचे साडेनऊ लाख, प्लेटिंगवाल्याचे दीड, पगार ४, बोनस अडीच, मशीनचा हप्ता १.३, वीज १.२, गाळ्याचं भाडं ०.८. ऑर्डर असो-नसो, भाडं आणि हप्ता यांना दया येत नाही. मशीनच्या झिजेचा कागदावरचा खर्च, म्हणजे घसारा, मात्र मी घेतला नाही. यावर शेठ दुखावले, कारण घसारा हा त्यांचा आवडता खर्च आहे, करात वजावट देतो. ‘शेठ, घसारा कुणी चेक मागायला येतो का?’ असं विचारल्यावर गप्प झाले.

त्यांना गप्प करणं सोपं, जीएसटीला नाही. सप्टेंबरची बिलं फाडली त्यांचा कर २० ऑक्टोबरला भरायचा, मग पार्टीने पैसे दिलेले असोत वा नसोत. खरेदीवरचं क्रेडिट वजा करूनही २ लाख निघाले. म्हणजे विक्री जितकी जोरात, तितका न मिळालेल्या पैशांवरचा कर मोठा. वर वाढीव ऑर्डरचा पत्रा आधीच उचललेला.

एकूण देणी २२.८ लाख. हातात दीड लाख, त्यात वसुली २१. महिनाअखेर फक्त ३० हजार कमी. शेठनी सुस्कारा टाकला, ‘एवढंच ना!’

एवढंच नव्हतं. ऑगस्टचे १२ लाख ज्या मोठ्या पार्टीकडून येणार, ती महिन्यातून एकदाच, २५ तारखेला पेमेंट सोडते. पगार, हप्ता, बोनस, जीएसटी, वीज, भाडं, प्लेटिंग सगळं त्याआधीच. व्यापारीही निम्मे पैसे १५ तारखेलाच मागत होता. तारीखवार मांडल्यावर २४ तारखेला आकडा निघाला उणे साडेसात लाख. बँकेच्या सीसीत, म्हणजे कॅश क्रेडिटच्या उचल मर्यादेत, शिल्लक ५ लाख. महिन्याच्या एका ओळीत हा खड्डा दिसतच नाही, म्हणून मी निदान आठवड्याचे रकाने पाडतो.

‘सगळ्यांना पुढं ढकला,’ शेठचा रामबाण.

सगळ्यांना ढकलता येत नाही. प्लेटिंगवाला नोंदणीकृत लघुउद्योग आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत त्याचे पैसे द्यावे लागतात, नाहीतर व्याज वेगळं आणि आयकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत धरत नाहीत. पत्र्याचा व्यापारी माल विकतो, बनवत नाही, त्यामुळे त्याला हे संरक्षण नाही. त्याच्याकडून तीन लाखांना २९ तारखेपर्यंत मुदत घेतली. खड्डा साडेचार लाखांवर आला, सीसीत बसला.

‘मग हाच कायदा आपल्या मोठ्या पार्टीला दाखवा की,’ शेठ एकदम उत्साहात. आपणही लघुउद्योगच. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि चहा मागवला.

चहा येईपर्यंत मी कॅलेंडर पाहिलं. २५ ऑक्टोबर २०२५, शनिवार. तोही चौथा. मोठ्या पार्टीच्या अकाउंट्सला फोन केला, तर पलीकडून बाई गोडव्याने म्हणाल्या, ‘हो सर, आमची सुट्टी. तुमचं सोमवारी, २७ ला टाकू. क्वालिटीचं काही नसेल तर.’

मी १२ लाख उचलून २७ च्या रकान्यात ठेवले आणि शेजारी पेन्सिलने लिहिलं, ‘क्वालिटीला विचारणे’.