तुळाजी आंग्र्यांचं आरमार आणि इंग्रजांचं राज्य

«नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून 1756 मध्ये मराठ्यांचं आरमारच बुडवलं. ते राहिलं असतं तर इंग्रज समुद्रातूनच परत गेले असते, बंगालही त्यांना मिळाला नसता.» असं अनेकदा ऐकू येतं.

मार्च 1755 मध्ये पुण्याने तुळाजींविरुद्ध मुंबईकर इंग्रजांशी तह केला, हे खरं. तो चुकीचा होता हेही मान्य. पण त्या वेळी एकच एक मराठा आरमार नव्हतं. आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे 1729 मध्ये वारले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्या मुलांत घर फुटलं: कुलाब्याला मानाजी, दक्षिणेला संभाजी आणि त्यांच्यामागून तुळाजी. मानाजी पेशव्यांच्या बाजूला होते, तुळाजी त्यांना जुमानत नव्हते. गेलं ते तुळाजींचं आरमार. कुलाब्याचं राहिलं, आणि विजयदुर्गावर पुढे पेशव्यांचं स्वतःचं आरमार उभं राहिलं. त्याच आरमाराने, आनंदराव धुळपांच्या हाताखाली, एप्रिल 1783 मध्ये इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज पकडलं.

आता ते बुडालं कसं ते पाहू. 12 फेब्रुवारी 1756 ला ॲडमिरल वॉटसनची जहाजं दोन रांगांनी विजयदुर्गाच्या खाडीत शिरली. किल्ल्याकडच्या रांगेत मोठी लढाऊ जहाजं होती, त्यांच्या आडोशाला उखळी तोफांची. तुळाजींचा सगळा ताफा किल्ल्यालगत एकमेकांना खेटून बांधलेला होता. त्यातच 1749 मध्ये इंग्रजांकडून जिंकलेलं ‘रेस्टोरेशन’ही होतं. दुपारी एक गोळा नेमका त्यावर पडला, ते पेटलं, आणि आग एका गुराबावरून दुसऱ्यावर गेली. सुती शिडं, दोरखंड, तेल मुरलेलं लाकूड. विझवायला वेळच नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किल्ला पडला. पेशव्यांची फौज त्या वेळी जमिनीवर होती आणि तुळाजी त्यांच्याच छावणीत बोलणी करत होते. किल्ला मराठ्यांच्या हाती जाऊ नये म्हणून कंपनीचा सेनानी क्लाइव्ह याने माणसं आधीच उतरवली होती. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनीच वाटून घेतली. पेशव्यांना किल्ला मिळाला तो ऑक्टोबर 1756 च्या तहानंतर, बाणकोट देऊन.

हा ताफा वाचला असता तर? आधी ही जहाजं काय करू शकत होती ते बघा. गुराब दीडशे ते तीनशे टनांचं, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं. त्याच्या नाळेवर पुढे रोखलेल्या दोन तोफा असत, नऊ ते बारा पौंडी. गलबत लहान, साधारण सत्तर टनांपर्यंत, त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की गलबतं गुराबाला ओढत शत्रूच्या मागच्या बाजूला नेत, कारण तिथे त्याच्या फार थोड्या तोफा लागू पडत. आधी डोलकाठ्या तोडायच्या, जहाज लुळं झालं की दोन-तीनशे माणसांनी चढून जायचं. एकट्यादुकट्या व्यापारी जहाजावर ही युक्ती जीवघेणी ठरे. पण रांगेत उभ्या साठ-सत्तर तोफांच्या जहाजांपुढे नाही, आणि आंग्र्यांना ते पक्कं माहीत होतं. 1755 मध्ये इंग्रजांचा कमोडोर जेम्स मागे लागला तेव्हा सुवर्णदुर्गाच्या ताफ्याने लढाई टाळली. वारा धरायला खलाशांनी अंगावरचे कपडे आणि पागोटीही डोलकाठ्यांवर चढवली, आणि निसटले. शहाणपणाचंच होतं ते. मात्र इतक्या माणसांचं पाणी घेऊन असं गलबत लंकेला वळसा घालून मद्रासला जाऊ शकत नाही. शिवाय पावसाळ्यात कोकणातली जहाजं किनाऱ्यावर ओढून ठेवावी लागत. त्यांच्या धाकाने मुंबईच्या व्यापाराला संरक्षक जहाजं पोसावी लागली. तो खर्च खरा, पण त्याने कंपनी उठून गेली नाही.

बंगालचं उत्तर फ्रेंचांकडे शोधायला हवं. वॉटसनची मोठी जहाजं कंपनीची नव्हतीच, राजाच्या आरमारातली होती. कर्नाटकात इंग्रज आणि फ्रेंच कंपन्या भिडल्या म्हणून ती 1754 मध्ये हिंदुस्थानाकडे निघाली. क्लाइव्ह मुंबईला आला तोही दख्खनमधल्या फ्रेंचांवर जाण्यासाठी. पण तिकडे दोन्ही कंपन्यांत तात्पुरता तह झाला, जहाजं मोकळी राहिली, आणि मुंबईकरांनी ती तुळाजींवर वापरली. एप्रिलमध्ये ताफा मद्रासकडे गेला. जूनमध्ये सिराजउद्दौलाने कलकत्ता घेतल्यावर ऑक्टोबरात तोच ताफा बंगालकडे निघाला. 2 जानेवारी 1757 ला कलकत्ता परत घेतलं. 23 मार्चला ‘केंट’, ‘टायगर’ आणि ‘सॅलिसबरी’ हुगळीत फ्रेंचांच्या चंद्रनगरसमोर उभी राहिली. फ्रेंचांनी पात्रात जहाजं बुडवून ठेवली होती, तरी मधून वाट निघाली. त्या दिवशी ‘केंट’ची अशी चाळण झाली की ती पुन्हा समुद्रावर गेलीच नाही. पण त्या वेळी फ्रेंचांचा एखादा बरोबरीचा ताफा हुगळीच्या मुखाशी असता, तर जूनमध्ये प्लासीला जायला क्लाइव्हची पाठ मोकळी राहिली नसती.