फोनवर ८५, लॅपटॉपवर ०.६

परवा रात्री ४०० एमबीची एक फाइल लॅपटॉपवर उतरवायची होती. घरातलं वायफाय बंद, म्हणून फोनचा हॉटस्पॉट लावला. डाउनलोडखाली उरलेला वेळ दिसला दीड तास! फोन हातात घेऊन स्पीड टेस्ट केली तर ८५ एमबीपीएस. म्हणजे हीच फाइल फोनवर पाऊण मिनिटाच्या आत आली असती. फोन तोच, सिम तेच, टॉवरही तोच.

आपण अशा वेळी लगेच कंपनीला शिव्या घालतो. मीही घातल्या. पण हॉटस्पॉट मंद होण्याची दोन अगदी वेगळी कारणं असतात आणि एकाचा इलाज दुसऱ्याला चालत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे: लॅपटॉप फोनला केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि पुन्हा मोजा.

माझ्याकडे वायफायवर ०.६ होतं, केबलवरही ०.६ आलं. तीनदा मोजलं, आकडा जागचा हलला नाही. खराब नेटवर्कमध्ये असं होत नाही, तिथे आकडा सारखा वरखाली होतो. तो एका ठिकाणी खिळ्यासारखा बसला की समजायचं, कुणीतरी मुद्दाम तोटी आवळली आहे. प्लॅनच्या अटी उघडल्या तर निघालंच: डेटा अनलिमिटेड, पण हॉटस्पॉटसाठी वेगळे ५ जीबी आणि ते संपले की ६०० केबीपीएस. माझे ५ जीबी लॅपटॉपच्या अपडेटने परस्पर गिळले होते. (विंडोजमध्ये त्या हॉटस्पॉटला Metered connection चालू केलं की अशी बरीचशी अपडेट्स थांबतात. हे मला नंतर सुचलं, अर्थात.)

आता प्रश्न असा की डेटा फोन वापरतोय की लॅपटॉप, हे कंपनीला कळतं कसं? काही वेळा फोनच सांगतो. कंपनीने तशी सोय केलेली असेल तर तो हॉटस्पॉटचा डेटा वेगळ्या एपीएनवरून पाठवतो, म्हणजे सरळ वेगळ्या दारातून. दुसरी खूण म्हणजे टीटीएल. इंटरनेटवरच्या प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो आणि वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. फोनचं स्वतःचं पाकीट साधारणपणे ६४ घेऊन निघतं. विंडोज लॅपटॉपचं १२८ घेऊन निघतं, पण इथे फोनच राउटर झालेला असतो, म्हणून कंपनीकडे पोचताना त्यावर १२७ उरतात. मॅकचं असेल तर ६३. एवढ्यावरून चोरी पकडली जाते. चोरी कसली म्हणा, डेटा माझाच!

माझ्या धाकट्या भावाची तक्रार मात्र वेगळी निघाली. "दादा, फोनवर ८० आणि लॅपटॉपवर २८, माझीही तोटी आवळली वाटतं." त्याला केबल लावायला सांगितली, तर ७६ आले. म्हणजे कंपनी निर्दोष, अडथळा फोन आणि लॅपटॉपमधल्या हातभर हवेत. त्याचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर होता. या पट्ट्यात शेजारपाजारचे सगळे राउटर आणि ब्लूटूथही दाटीवाटीने बसलेले असतात. एका अँटेनाच्या साध्या जोडणीत कागदावर ७२ एमबीपीएस मिळतात, प्रत्यक्षात निम्मे मिळाले तरी खूप. आयफोनवर Maximize Compatibility चालू असेल तर हॉटस्पॉट २.४ वरच राहतो. त्याने ते बंद केलं आणि वायफायवरही आकडा सत्तरीच्या पुढे गेला. अँड्रॉइडवर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झ निवडता येतं, फक्त भिंतीपलीकडे त्याचा जोर कमी पडतो. फोन उशीखाली तापत ठेवला असेल तर तोही स्वतःला आवरतं घेतो, ते वेगळंच.

भावाचं काम एका बटणावर झालं. माझं होणार नव्हतं. शेवटी मी ती फाइल फोनवरच उतरवली आणि केबलने लॅपटॉपवर कॉपी केली. फोनवर वापरलेल्या डेटाला मर्यादा नव्हती ना!

कंपन्यांची बाजू मला कळते. लॅपटॉप फोनपेक्षा कितीतरी जास्त डेटा ओढतो आणि टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटलेली असते. पण मग मर्यादा जीबीवर घाला. ५ जीबी फोनवर पाहिलेल्या व्हिडिओत गेले काय किंवा लॅपटॉपवर गेले काय, टॉवरवर पडणारं ओझं तेवढंच. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने २ सप्टेंबर २०२१ ला व्होडाफोनच्या जर्मनीतल्या प्रकरणात निकाल दिला. तिथे ठरावीक अ‍ॅपचा डेटा मोजायचा नाही अशी सवलत होती, पण टेदरिंग केलं की ती लागू नव्हती. अशा सवलतीच्या आधाराने टेदरिंगवर घातलेली मर्यादा खुल्या इंटरनेटच्या नियमांत बसत नाही, असं न्यायालय म्हणालं. सवलत नसलेल्या साध्या प्लॅनचा प्रश्न त्यात नव्हता, हेही खरं.

माझं मागणं त्याहून लहान आहे. 'अनलिमिटेड' ज्या मापाच्या अक्षरात छापता, त्याच मापात शेजारी '५ जीबी हॉटस्पॉट, नंतर ६०० केबीपीएस' छापा. माझ्या प्लॅनमध्ये ते अकराव्या कलमात होतं.