सोडियम हळूच का चढवतात: एका प्रतिक्रियेला उत्तर

"डॉक्टर, उगाच घाबरवताय लोकांना. माझ्या आईचं सोडियम 114 आलं. मीठ कमी तर मीठ द्यायचं, एका दिवसात काम झालं असतं. हळूहळू चढवतो म्हणून चार दिवस आयसीयूत ठेवलं, हा बिलाचा धंदा नाही तर काय?"

दादा, बिल मी बघितलेलं नाही त्यामुळं त्यावर बोलत नाही, पण हळू चढवलं ते बरोबर केलं.

यात मिठापेक्षा पाण्याची भानगड मोठी असते. बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड नाहीतर इंडापामाइड असलं की लघवीतनं सोडियम जातं आणि जास्तीचं पाणी बाहेर टाकायचं किडनीचं काम अडतं, त्यात वय झालेलं, वजन कमी, जेवण दोन घास आणि वर कुणीतरी सांगितलेलं असतं भरपूर पाणी प्या, मग सोडियम पातळ होत जातं.

कागलकडच्या एक आजी आल्या होत्या, गोळी बदलून तीनेक आठवडे झालेले. तेच तेच विचारायच्या, चालताना झोक जायचा, मळमळ, आणि घरचे म्हणत होते वयामुळं विसरतात. पण विसरभोळेपणा असा आठ दिवसांत येत नाही ओ! सोडियम 113, पोटॅशियमपण कमी. गोळी बंद केली, साधं सलाईन सावकाश आणि पोटॅशियम सुरू केलं, दर चार तासांनी रक्त तपासलं. रात्री लघवी धो धो सुरू झाली. नातेवाईक खूश, आम्ही मात्र सावध, कारण गोळीचा असर उतरला की किडनी साठलेलं पाणी एकदम सोडते आणि सोडियम आपोआप उसळतं. बारा तासांतच 120 झालं. मग उलट सलाईन थांबवून पाच टक्के डेक्स्ट्रोज लावलं, म्हणजे पाणीच परत दिलं.

कारण असं की सोडियम बरेच दिवस कमी राहिलं की मेंदूच्या पेशी सुजू नयेत म्हणून आतले क्षार बाहेर टाकून जुळवून घेतात. बाहेर एकदम वाढवलं की पेशीतलं पाणी खेचलं जातं आणि नसांवरचं आवरण खराब होतं. पेशंट आधी सुधारल्यासारखा वाटतो आणि दोन ते सहा दिवसांनी बोलणं, गिळणं बंद, हातपाय लुळे, आणि ते बऱ्याचदा भरून येत नाही. म्हणून 24 तासांत सोडियम साधारण 8 पेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही.

झटके येत असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर मात्र घाई करायचीच, तीन टक्क्यांचं सलाईन 100 ते 150 मिली, दहा-वीस मिनिटांत. पण 4 ते 6 नं वाढलं की तिथंच थांबायचं.

आता आईंच्या स्ट्रिपमागची बारीक अक्षरं वाचा, क्लोरथॅलिडोनसारखी वर सांगितलेली औषधं दुसऱ्या बीपीच्या औषधासोबत एकाच गोळीत असतात आणि घरातली जुनी पाकिटं परत सुरू होतात. तसलं काही सापडलं तर ती गोळी देऊ नका, डॉक्टरांकडनं दुसरी लिहून घ्या.